इर्डाईला खुलं पत्र: क्लेमला कुठे कुठे कात्री लागते ते एका पानावर आणा

प्रति,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
आणि हेल्थ पॉलिसीचा मजकूर लिहिणाऱ्या सगळ्या विमा कंपन्या

सप्रेम नमस्कार,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका 40 बेडच्या हॉस्पिटलमध्ये इन्शुरन्स डेस्कला बसते. पेशंट ॲडमिट झाला की कॅशलेसची रिक्वेस्ट पाठवायची, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीच्या, क्वेरीला उत्तरं द्यायची, डिस्चार्जच्या दिवशी फायनल ॲप्रूव्हलची वाट बघायची आणि शेवटी किती पैसे पास झाले, किती कापले हे नातेवाईकांना सांगायचं, हे माझं काम. हे शेवटचं काम सगळ्यात जड जातं कारण समोरच्या माणसाने पॉलिसी वाचलेली नसते असं नाही, उलट बऱ्याच जणांनी वाचलेली असते, पण तुकड्यात वाचलेली असते, आणि ज्या तुकड्यात त्याच्या क्लेमला कात्री लागणार असते तो तुकडा त्याच्याकडे कधी आलेलाच नसतो.

आता हे तुकडे म्हणजे काय ते आधी सांगते. पेशंटचा मुलगा पुण्यात नोकरीला, पॉलिसी त्याने तिथून काढलेली, आईला इकडे ॲडमिट केलं की मी म्हणते पॉलिसी पाठवा. मग व्हॉट्सॲपवर एकेक गोष्ट यायला लागते. आधी कार्डाचा फोटो, मग शेड्यूलचं, म्हणजे कोणाला किती कव्हर आहे त्या तक्त्याचं, पहिलं पान, मग एजंटने कधीतरी पाठवलेला ब्रोशर, मग मी मागितल्यावर पॉलिसी वर्डिंगच्या म्हणजे सविस्तर अटींच्या पानांचे चार-सहा स्क्रीनशॉट, त्यातलं एखादं अर्धंच कापलेलं. एंडॉर्समेंट म्हणजे मध्ये केलेल्या बदलाचा कागद तर बहुतेक वेळा मेलमध्येच पडून असतो. आणि प्रत्येक तुकडा वाचला तर खरा वाटतो, म्हणजे ब्रोशर म्हणतं ऑपरेशन कव्हर आहे, वर्डिंगचं बावीसावं पान म्हणतं दोन वर्षांनी कव्हर आहे, शेड्यूलचा शेवटचा कॉलम म्हणतो या बाईंच्या बाबतीत तीन वर्षांनी. तिन्ही बरोबर आहे. पण क्लेम ठरतो तो तिन्ही एकत्र ठेवल्यावर, आणि ते एकत्र ठेवायचं काम तुम्ही पॉलिसी घेणाऱ्यावर टाकलेलं आहे.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2019 मध्ये तुम्ही एक्सक्लूजनची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करायला लावली, प्रत्येकाला कोड नंबर दिला, त्यामुळे आज कुठल्याही कंपनीचं रिजेक्शन लेटर आलं आणि त्यात कोड 04 दिसला की मला कळतं की हे "फक्त तपासण्यांसाठी ॲडमिट झाले" म्हणून नाकारलंय. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. 2024 मध्ये जुन्या आजारासाठीचं वेटिंग जास्तीत जास्त 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आणलं तेही चांगलं झालं. पण कोड दिल्यामुळे लोकांचा एक समज पक्का झालाय की काय मिळत नाही ते "एक्सक्लूजन" नावाच्या प्रकरणात असतं. माझ्या टेबलावरचा अनुभव असा की पैसे कापले जातात ते निम्म्या वेळेला त्या प्रकरणाच्या बाहेरच्या शब्दांमुळे.

पहिलं उदाहरण व्याख्यांचं. पॉलिसीच्या सुरवातीला व्याख्यांची पाच-सात पानं असतात, ती कोणी वाचत नाही कारण त्यात काही कळण्यासारखं आहे असं वाटतच नाही. हॉस्पिटल म्हणजे काय हे कोणाला वाचायचंय? पण तिथेच लिहिलेलं असतं की 10 लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या गावात कमीत कमी 10 इनपेशंट बेड पाहिजेत, बाकी ठिकाणी 15, चोवीस तास नर्सिंग स्टाफ आणि डॉक्टर पाहिजे, स्वतःचं ऑपरेशन थिएटर पाहिजे, रोजचं रेकॉर्ड ठेवलेलं पाहिजे. (लोकल रजिस्ट्रेशन असेल तर काही अटी सुटतात, काही कंपन्यांच्या भाषेत त्या सुटत नाहीत, म्हणून आपल्या पॉलिसीतलं वाक्य जसंच्या तसं बघावं लागतं.) आमच्याकडे तालुक्याच्या गावांत सहा-आठ बेडची कितीतरी नर्सिंग होम आहेत, डॉक्टर हाताचा चांगला, लोकांचा विश्वास, पिढ्यानपिढ्या तिथेच जातात. तिथे ॲडमिट झालेल्या माणसाचा आजार कव्हर आहे, वेटिंग संपलंय, हप्ता वेळेवर भरलाय, तरी क्लेम अडकू शकतो आणि अडकतो ते एक्सक्लूजनमुळे नाही, "हॉस्पिटल" या शब्दाच्या व्याख्येमुळे. शेतकरी माणसाला हे ॲडमिट व्हायच्या आधी कोण सांगणार आहे?

दुसरं वेटिंगचं. याच्यावर मी जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त घरं इथे फसतात.

पॉलिसीत वेटिंग एक नसतं, तीन असतात आणि तिन्ही एकाच दिवशी सुरू होतात पण वेगवेगळ्या दिवशी संपतात. पहिले 30 दिवस ॲक्सिडेंट सोडून कुठलाच आजार नाही. मग ठराविक आजारांची आणि ऑपरेशनची एक यादी असते, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, गुडघे बदलणे अशी, त्यांना साधारण 24 महिने, कुठे कुठे 36. आणि तिसरं म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांचं, त्याला पॉलिसीत लिहिलेले असतील तेवढे महिने.

एका काकूंची केस सांगते, तारखा सोप्या करून. पॉलिसी सुरू 10 जून 2023. पित्ताशयातल्या खड्यांना यादीप्रमाणे 24 महिने, म्हणजे 9 जून 2025 ला संपले. काकू दुखायला लागलं म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये ॲडमिट झाल्या. मुलाकडे त्या यादीच्या पानाचा स्क्रीनशॉट होता, त्याने महिने मोजले, सव्वादोन वर्षं होऊन गेली, म्हणजे क्लेम बसतो. त्याचा हिशोब चुकला नव्हता. पण मार्च 2023 मध्ये, म्हणजे पॉलिसीच्या आधी, काकूंची सोनोग्राफी झाली होती आणि त्यात खडा दिसला होता, आणि घरच्यांनी प्रामाणिकपणे प्रपोजल फॉर्मवर ते लिहिलंही होतं. त्यामुळे तोच खडा आता दोन ठिकाणी बसतो, यादीतही आणि जुन्या आजारातही. यादीच्या त्याच कलमात पुढे एक छोटं वाक्य असतं, आजार दोन्हीकडे बसत असेल तर दोन्हींपैकी जे वेटिंग लांब असेल ते धरायचं. म्हणजे 36 महिने, म्हणजे 9 जून 2026. ते वाक्य पुढच्या पानावर होतं आणि पुढच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच्याकडे नव्हता. शेड्यूलमध्ये काकूंच्या नावासमोर तो आजार लिहिलेला होता, ते शेड्यूल त्याने पाठवलं होतं पण शेवटचा कॉलम फोनवर दिसत नाही, झूम करून बाजूला सरकवावं लागतं. कॅशलेस नाकारलं गेलं. नियमाने बघितलं तर कंपनीचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं, कारण तारीख आधी माहीत असती तर त्या घराने पैशाची तजवीज तरी केली असती.

यातच आणखी एक गोष्ट येते ती म्हणजे सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची एकूण रक्कम, वाढवणं. 3 लाखाची पॉलिसी होती, 2024 च्या रिन्यूअलला 5 लाख केली, एजंटने अभिनंदनाचा मेसेज पाठवला. पण वाढवलेल्या 2 लाखांना वेटिंग त्या दिवसापासून नव्याने लागतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन साडेचार लाखाचं निघालं आणि वाढीव रकमेचं वेटिंग संपलेलं नसेल तर हातात 3 लाखाचीच पॉलिसी आहे असं समजायचं, शेड्यूलवर 5 लाख छापलेलं असलं तरी. पॉलिसीची पाच वर्षं झाली की कंपनी काहीच नाकारू शकत नाही असंही लोक ऐकून येतात. ती 60 महिन्यांची मुदत खरी आहे, पण तिचा अर्थ एवढाच की त्यानंतर "तुम्ही आधी माहिती लपवली" असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पॉलिसीतलं कायमचं एक्सक्लूजन, एखाद्या खर्चाला घातलेली सब-लिमिट, बिलातला आपण भरायचा हिस्सा म्हणजे को-पे हे पाच वर्षांनीही तसंच राहतं, आणि वाढवलेल्या रकमेला ही पाच वर्षंही नव्याने मोजली जातात.

वेटिंगच्या बाबतीत हॉस्पिटलमधून होणारा एक घोळही इथे सांगायलाच पाहिजे. ॲडमिशनच्या वेळी केस पेपरवर हिस्ट्री लिहितात. नातेवाईक घाबरलेले असतात, डॉक्टर विचारतात बीपी कधीपासून, तर कोणीतरी म्हणतं "झाली असतील चार-पाच वर्षं", आणि लिहिलं जातं, पाच वर्षांपासून बीपी. पॉलिसी तीन वर्षांची असते. खरं तर गोळी सुरू होऊन दोनच वर्षं झालेली असतात आणि घरी पहिल्या गोळीची चिठ्ठीपण असते. पण टीपीएचा डॉक्टर चिठ्ठी बघत नाही, तो केस पेपर बघतो, आणि त्या एका ओळीवरून जुना आजार आणि वर माहिती लपवली असे दोन्ही शिक्के बसतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की हिस्ट्री सांगताना अंदाजाने वर्ष सांगू नका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, जुने रिपोर्ट घेऊन या. आणि चुकीचं लिहिलं गेलंच असेल तर नुसती खाडाखोड चालत नाही, ट्रीटिंग डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं स्पष्टीकरण आणि निदान झालेल्या तारखेचा मूळ कागद दोन्ही लागतं.

तिसरं रूम रेंट. यात पैसे सगळ्यात जास्त जातात आणि समजतं सगळ्यात कमी.

शेड्यूलमध्ये एक ओळ असते, रूम रेंट दिवसाला इतके रुपये किंवा सम इन्शुअर्डच्या एक टक्का. सगळ्यांना वाटतं की वरच्या रूममध्ये गेलो तर वरचा फरक भरू, त्यात काय. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या एका दुकानदार भाऊंचं बिल घेऊ, आकडे समजायला सोपे केलेत. लिमिट दिवसाला 4,000. रूम घेतली 6,000 ची, तीन दिवस, 18,000. सर्जन, असिस्टंट, भूल, ओटी आणि डॉक्टर व्हिजिट मिळून 60,000. औषधं आणि सामान 20,000. हर्नियाला बसवायची जाळी 12,000. तपासण्या 8,000. एकूण 1,18,000. भाऊंच्या मनात हिशोब असा की तीन दिवसांचे दोन-दोन हजार म्हणजे 6,000 आपल्याला भरायचेत.

प्रत्यक्षात वर्डिंगमध्ये, शेड्यूलपासून पंचवीस-तीस पानं लांब, लिहिलेलं असतं की लिमिटपेक्षा महागडी रूम घेतली तर रूमशी जोडलेला बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कमी होईल. 6,000 पैकी 4,000 म्हणजे दोन तृतीयांश. मग रूमचे 12,000 मिळणार आणि त्या 60,000 चे 40,000. म्हणजे रूममुळे 6,000 नाही, 26,000 गेले. शिवाय ग्लोव्हज, ॲडमिशन किट असल्या न मिळणाऱ्या वस्तू 20,000 च्या सामानात होत्या, समजा 4,000 च्या, त्याही गेल्या. 30,000 कापून 88,000 मिळायला पाहिजेत.

भाऊंना मिळाले 76,000. पत्रावर कारण एका ओळीचं, "पॉलिसीच्या अटींनुसार वजावट". मी बसून उलटा हिशोब केला तेव्हा दिसलं की दोन तृतीयांशची कात्री औषधं, जाळी आणि तपासण्या यांनाही लावली होती. सामान वजा जाता औषधांचे 16,000, जाळीचे 12,000, तपासण्यांचे 8,000, हे झाले 36,000, त्यातले 12,000 विनाकारण गेले. तुमच्याच 2020 च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि मेडिकल डिव्हाइस, आणि तपासण्या या तिघांना ही प्रमाणातली वजावट लावायची नाही. आयसीयूच्या चार्जेसलाही नाही. आणि जे हॉस्पिटल रूम बदलली तरी बाकीचे दर बदलत नाही तिथे तर ही वजावट मुळात लावताच येत नाही. मी त्या नियमाचा हवाला देऊन, बिलाची हेडप्रमाणे फोड करून आणि हॉस्पिटलचं टॅरिफ जोडून पुन्हा विचार करायला पाठवलं आणि 12,000 आले. पण मी डेस्कला बसते म्हणून मला हे माहीत आहे. भाऊ आधी स्वतः बिल भरून मग रीइम्बर्समेंटला गेले असते तर 76,000 घेऊन गप्प बसले असते, आणि असे गप्प बसलेले किती असतील याचा विचार करून मला खरंच राग येतो.

कोणालाही हे पकडायचं असेल तर एकच गोष्ट बघायची, औषधांच्या आणि तपासण्यांच्या रकमेतून किती कापलं. तिथे बरोबर त्याच प्रमाणात कपात दिसली जी रूममध्ये आहे, तर प्रश्न विचारायचा.

चौथं फार लांबवत नाही, तापाच्या ॲडमिशनचं. पावसाळ्यात ताप, अशक्तपणा म्हणून दोन-तीन दिवस ॲडमिट होतात आणि कोड 04 खाली क्लेम जातो, म्हणजे फक्त तपासण्या करायला ॲडमिट झाले, किंवा "ओपीडीत होण्यासारखं होतं". 24 तास झाले की क्लेम बसतो एवढंच लोकांना माहीत असतं. पण 24 तास ही एक अट झाली, दुसरी अट "वैद्यकीय गरज" नावाच्या व्याख्येत आहे, पुन्हा व्याख्यांच्या पानात. तिथे बघतात ते असं की ॲडमिट करताना ताप किती होता, बीपी किती, उलट्या होत होत्या का, सलाईन आणि इंजेक्शन शिरेतून दिली की नुसत्या गोळ्या, आणि रोजच्या चार्टवर हे सगळं लिहिलंय का. पेशंट खरोखर हालत खराब म्हणून आलेला असतो, पण चार्टवर तीन दिवस "प्रकृती स्थिर" एवढंच लिहिलेलं असतं, मग कागदावर त्याची गरज दिसत नाही. डिस्चार्ज समरी हातात पडली की ॲडमिट का केलं याचं कारण तिच्यात लिहिलंय का हे तिथेच काउंटरवर उभं राहून वाचायला पाहिजे, नसेल तर तिथेच डॉक्टरांकडून लिहून घ्यायला पाहिजे.

आता माझं म्हणणं काय ते. कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचं पत्रक तुम्ही आणलंत, 2024 च्या जानेवारीपासून नव्या रूपात, त्यात कव्हर, एक्सक्लूजन, वेटिंग, लिमिट, क्लेमची पद्धत हे सगळं ओळीने येतं आणि शेजारी कलम नंबर पण असतो. कल्पना एकदम बरोबर आहे. पण ते पत्रक प्रॉडक्टचं आहे, माणसाचं नाही. त्यात "24 महिने" लिहिलेलं असतं, काकूंची 9 जून 2026 ही तारीख लिहिलेली नसते. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक मेंबरची सुरवातीची तारीख, जाहीर केलेला आजार, सम इन्शुअर्ड कधी वाढली हे सगळं आहे, नाहीतर कॅशलेस एका तासात ठरवा हा तुमचा नियम त्यांनी पाळला कसा असता? मग तीच तारीख त्या माणसाला पॉलिसीबरोबर द्यायला काय हरकत आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावासमोर, जुना आजार कुठल्या तारखेपर्यंत नाही, यादीतली ऑपरेशन कुठल्या तारखेपर्यंत नाहीत, आणि सम इन्शुअर्ड वाढवली असेल तर जुन्या रकमेची तारीख वेगळी आणि वाढलेल्या रकमेची वेगळी. रिन्यूअलला हे पान नव्याने छापून यायला पाहिजे.

दुसरी मागणी, ज्या पॉलिसीत रूम रेंटला लिमिट आहे तिथे त्या ओळीच्या खालीच एक रुपयांतलं उदाहरण छापायला लावा, मी वर दिलं तसं, किती मिळणार आणि किती कापणार, आणि कशाला कात्री लावता येत नाही तेही तिथेच. पंचवीस पानं लांब नको.

तिसरी, हे पत्रक मागितलं तर स्थानिक भाषेत द्यायचं असा तुमचा नियम आहेच, पण मागता येतं हेच कोणाला माहीत नाही. माझ्या डेस्कवर आजपर्यंत मराठीतलं पत्रक घेऊन कोणी आलेलं मला आठवत नाही. प्रपोजल फॉर्मवरच भाषेचा रकाना ठेवा आणि जी भाषा निवडली त्या भाषेत ते पॉलिसीबरोबरच यावं, वेगळं मागायला लागू नये. मराठी मात्र बोलण्यातली असावी, वेटिंगला वेटिंगच म्हणा, "प्रतीक्षा कालावधी अपवर्जन" लिहिलंत तर इंग्रजी बरं असं म्हणतील लोक.

चौथी मागणी पत्रांबद्दल. क्लेम पूर्ण किंवा थोडा नाकारला तर कुठल्या अटीखाली ते सांगायला पाहिजे असा 2024 च्या तुमच्या मास्टर सर्क्युलरमध्ये नियम आहे. नंबर येतो, कलम येत नाही. ज्याच्याकडे वर्डिंगच तुकड्यात आहे त्याने कलम 4.2 कुठे शोधायचं? कलमाचं पूर्ण वाक्य पत्रात उतरवून द्यायला लावा, आणि पैसे कापले असतील तर हेडप्रमाणे हिशोब, बिलाची रक्कम, मान्य रक्कम, वजावट आणि कारण, प्रत्येक ओळीला. भाऊंच्या पत्रात हा तक्ता असता तर 12,000 ची चूक त्यांनी स्वतः दोन मिनिटांत पकडली असती.

आणि त्याच पत्राच्या खाली पुढचा रस्ता मराठीत लिहा. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे लेखी तक्रार, मग तुमच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर, आणि तिथे नाही जमलं तर विमा लोकपाल, आमच्या सांगलीकरांसाठी ते पुण्याला. 50 लाखापर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ही वर्षाची मुदत माहीत नसल्यामुळे किती जणांचा हक्क गेला असेल, माझ्याकडे तर दीड-दीड वर्षाची जुनी पत्रं घडी घालून आणलेली माणसं येतात आणि मला त्यांना सांगावं लागतं की आता लोकपालाकडे जायची वेळ गेली.

विमा कंपन्यांच्या लोकांना वेगळी एक विनंती. पॉलिसीचे कागद मेलवर पाठवता ना, ते चार फाइलींत पाठवू नका. शेड्यूल, पत्रक, वर्डिंग आणि एंडॉर्समेंट एकाच पीडीएफमध्ये, सलग पान नंबर देऊन, आणि बदल झाला की अख्खी फाइल पुन्हा पाठवा. म्हणजे पुण्याहून मुलगा जे फॉरवर्ड करेल ते पूर्ण असेल, आणि मला इकडे पेशंट ॲडमिट करतानाच सांगता येईल की 4,000 च्या आतली रूम घ्या, किंवा हे ऑपरेशन जूनपर्यंत क्लेममध्ये बसणार नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

या मागण्यांवर तुमचं काय म्हणणं आहे ते कळवलंत तर बरं होईल, आणि नमुना पान तयार करायला डेस्कवरच्या माणसांची मदत लागली तर माझ्यासारख्या दहा जणी मी गोळा करून देते, आम्ही रोज हेच कागद जुळवत असतो.

आपली,
सांगली जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरून